पॅडवर थोडंसंच रक्त, पण नाडी १२०: नळीतला गर्भ आणि गर्भपात ओळखताना नव्या नर्सने काय करायचं

नोकरीला लागून मला चौथा महिना चालू होता. पुण्यातलंच एक प्रसूतिगृह, जुलैचा रविवार, संध्याकाळचे पावणेआठ, बाहेर धो धो पाऊस. कात्रजकडून रिक्षाने एक सत्तावीस वर्षांची बाई नणंदेसोबत आली. चालत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सिस्टर, नऊ दिवसांपूर्वी मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. तेव्हापासून थोडं थोडं अंगावर जातंय. आज पोटात फार दुखतंय." दिवसाला दोन पॅड, तेही पूर्ण भिजत नव्हते. नाडी १०८, बीपी ११० वर ७०. मी केसपेपरवर 'इनकम्प्लीट ॲबॉर्शन?' असं लिहिलं आणि तिला सोनोग्राफीच्या रांगेत बसवलं.

बसल्या बसल्या तिने दोन गोष्टी सांगितल्या. सकाळपासून उजवा खांदा दुखतोय, बहुतेक कपडे पिळल्यामुळे. आणि मघापासून शीला लागल्यासारखं होतंय. खांद्याचं मी कुठे लिहिलंच नाही. शीचं ऐकून मी तिला नणंदेबरोबर संडासात पाठवलं. ती तिथेच कोसळली. टेबलावर घेतलं तेव्हा नाडी १२४, बीपी ९२ वर ६०. ऑपरेशनमध्ये उजवी नळी फुटलेली निघाली, पोटात जवळपास दीड लिटर रक्त होतं. ती वाचली, कारण भूलतज्ज्ञ दुसऱ्या केससाठी तिथेच होते. मी केलेल्या नोंदीमुळे वाचली नाही.

त्या रात्री मला जे माहीत असायला हवं होतं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. कॅज्युअल्टीत किंवा लेबर रूममध्ये नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदर्ससाठी हे आहे. औषधाचा निर्णय आणि डोस डॉक्टरांचा, पण त्यांना कधी आणि काय सांगून बोलवायचं हे आपल्या हातात असतं.

१. वयात आलेली बाई आणि पोटदुखी: आधी दिवस गेलेत का ते पाहा

पाळी येण्याच्या वयातली बाई पोटदुखी, चक्कर किंवा अंगावर जाण्याची तक्रार घेऊन आली की लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झालीच पाहिजे. ॲसिडिटी वाटतेय, गॅस वाटतोय, लग्न झालेलं नाही, यातल्या कशामुळेही ती टाळायची नाही. पण टेस्टसाठी तिला एकटीला संडासात पाठवू नका. चक्कर येत असेल तर बेडपॅनवर नमुना घ्या. ते जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून कॅथेटरने घ्या.

'पाळी चुकली का?' या प्रश्नाने खूप फसगत होते. नळीत गर्भ असतानाही सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला अंगावर जायला लागतं आणि बाईला ती उशिरा आलेली पाळीच वाटते. ती मनापासून सांगते, "नाही सिस्टर, पाळी चालूच आहे." म्हणून असं विचारा: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? ती नेहमीसारखीच होती का? तेवढेच दिवस, तेवढंच रक्त? की काळपट, चॉकलेटी, थेंब थेंब? नेहमीसारखी नसेल तर त्याआधीच्या पाळीची तारीख घ्या आणि आठवडे तिथून मोजा.

पुढचे प्रश्न सासूबाई, नणंद किंवा नवऱ्याला बाहेर बसवून विचारायचे. 'तपासायचंय, दोन मिनिटं बाहेर थांबा' एवढं पुरतं. मग हळू आवाजात विचारा: गोळ्या घेतल्या का, कुठून, किती दिवसांपूर्वी, त्याआधी सोनोग्राफी झाली होती का? पूर्वी नळीत गर्भ राहिला होता का? तांबी बसवली आहे का? मुलं बंद होण्याचं ऑपरेशन झालंय का? ओटीपोटाचं इन्फेक्शन, नळीचं ऑपरेशन किंवा टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार झालेत का?

तांबी आणि नसबंदीबद्दल एक गैरसमज आपल्या स्टाफमध्येही असतो. ऑपरेशन झालंय म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असं धरून चालतात. दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते हे खरं, पण ते गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा बरीच जास्त असते. उलट, यातलं काहीच नसलेल्या बायकाही जवळपास निम्म्या असतात. त्यामुळे सगळ्या प्रश्नांना 'नाही' असं उत्तर आलं तरी शंका सोडायची नाही.

२. गोळ्या घेतल्या म्हणजे गर्भपात झाला, असं समजू नका

माझी चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या किटमध्ये मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी बायकांच्या हातात ती पोचतात. गर्भाशयात वाढणाऱ्या गर्भावर त्यांचा परिणाम होतो. नळीतला गर्भ त्यांनी निघत नाही.

आता गंमत म्हणून नव्हे, धोका म्हणून लक्षात घ्या: गर्भ नळीत असला तरी गर्भाशयाचं आतलं अस्तर गर्भासाठी जाड झालेलं असतंच. गोळ्यांनी ते अस्तर गळतं, कळा येतात, रक्त जातं. बाईला वाटतं काम झालं, घरच्यांना वाटतं काम झालं, आणि आपल्यालाही तसंच वाटतं. इकडे नळी ताणली जात असते.

म्हणून 'गोळ्यांनंतर अंगावर जातंय' असं कोणी सांगितलं आणि गर्भ गर्भाशयात असल्याचा जुना सोनोग्राफी रिपोर्ट हातात नसेल, तर केसपेपरवर 'गर्भाची जागा माहीत नाही' असं स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. निदान लिहिणं आपलं काम नाही. मी ते लिहिलं आणि माझ्यामागून तो कागद बघणाऱ्या दोघांनी ते खरं मानलं.

३. बाहेर दिसणारं रक्त आणि पेशंटची अवस्था जुळते का?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गर्भाशयातल्या गर्भपातात रक्त खालून बाहेर येतं. जेवढं गेलं तेवढं पॅडवर, चादरीवर, गाऊनवर दिसतं, आणि बाईची अवस्था त्याला साजेशी असते. नळी फुटली की रक्त पोटात साठतं. पॅडवर दोन-चार डाग आणि बाई मात्र पांढरीफटक, घामाने भिजलेली, तळवे गार. हा मेळ बसत नसेल तर रक्त आत जातंय असंच समजायचं.

तरुण बायका बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतात. शरीरातलं सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी राहू शकतं, आणि मग एकदम घसरतं. नाडी मात्र आधीपासून बोलत असते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. नाडीला वरच्या बीपीने भागा, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. ठणठणीत माणसात तो ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या वर गेला की काळजीचं. माझ्या पेशंटचा दारातच १०८ भागिले ११०, म्हणजे जवळपास ०.९८ होता. मी बीपी 'नॉर्मल' म्हणून पुढे गेले. कोसळल्यावर तोच १.३५ च्या आसपास होता. भागाकार जमत नसेल तर एवढंच बघा की नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्याला गाठतोय का.

खांद्याचं दुखणं इथेच येतं. पोटातलं रक्त वर सरकून श्वासपटलाखाली साचलं की तिथली नस चाळवते. त्या नसेचं मूळ मानेत असल्याने मेंदूला ते दुखणं खांद्याच्या टोकाला वाटतं. आडवं झाल्यावर ते वाढतं. खांदा हलवून बघा. स्नायूचं दुखणं हलवल्यावर वाढतं, हे सहसा वाढत नाही. शीला लागल्याची भावना अशाच कारणाने येते. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत रक्त साठलं की गुदाशयावर दाब येतो. पोटदुखी, पाळी चुकलेली आणि 'सिस्टर, शीला जायचंय' असं ऐकलं की संडास नको आणि एनिमा तर मुळीच नको. झोपवा आणि डॉक्टरांना हाक मारा.

उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, घरी एकदा घेरी येऊन पडणं, पोट हात लावू न देण्याइतकं दुखणं, या सगळ्यांचा अर्थ तोच.

याला एक अपवाद माहीत असू द्या. कधी कधी बीपी पडलेलं असतं पण नाडी वेगवान होण्याऐवजी ५०-५५ वर आलेली असते. गर्भपातात गर्भाचा तुकडा गर्भाशयाच्या तोंडात अडकला की असं होतं. डॉक्टर स्पेक्युलम घालून स्पंज होल्डिंग फोर्सेप्सने तो तुकडा काढतात आणि बाई काही मिनिटांत सावरते. म्हणून स्पेक्युलम आणि फोर्सेप्सचा सेट ट्रेमध्ये तयार हवा. पण फुटलेल्या नळीतही काही वेळा नाडी मंद असू शकते, त्यामुळे मंद नाडी बघून निर्धास्त होऊ नका.

४. शंका आली की पहिली दहा मिनिटं

एकट्याने करायला जाऊ नका. आधी मोठ्याने हाक मारा. 'डॉक्टर, या ना जरा' असं नको. असं सांगा: "मॅडम, सत्तावीस वर्षांची, सात आठवडे, टेस्ट पॉझिटिव्ह, गर्भाची जागा माहीत नाही. नाडी १२०, बीपी ९६ वर ६०, पॅडवर थोडंच रक्त, खांदा दुखतोय. मला नळी फुटल्याची शंका आहे. लगेच या." आकडे ऐकले की माणूस धावतो.

हाक मारून झाली की:

बाईला सपाट झोपवा, पाय उशीवर वर घ्या, अंगावर पांघरूण घाला. गार पडलेल्या शरीरात रक्त गोठायला वेळ लागतो. ती गुदमरल्यासारखी वाटत असेल किंवा शॉकमध्ये असेल तर रिझर्व्हॉयर पिशवीच्या मास्कने १० ते १५ लिटर ऑक्सिजन लावा.

दोन्ही हातांना जाड सुया लावा, हिरवी म्हणजे १८ नंबर, जमली तर करडी म्हणजे १६. गुलाबी किंवा निळी सुई लावून 'लाइन आहे' असं समाधान मानू नका, त्यातून रक्त भराभर जात नाही. शिरा मिटण्याआधीच हे करायचं असतं. त्याच सुईतून सॅम्पल काढा: सीबीसी, रक्तगट आणि क्रॉसमॅच, रक्त गोठण्याच्या तपासण्या, बीटा एचसीजी. क्रॉसमॅचच्या बाटलीवर नाव पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लिहा. घाईत टेबलावर नेऊन लिहिताना अदलाबदल होते.

सलाइन डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. साधारण ५०० मिली आरएल भराभर देऊन पुन्हा नाडी-बीपी बघतात. बाटल्यांमागून बाटल्या चढवू नका. नुसत्या पाण्याने रक्त पातळ होतं, बीपी वाढून नळीतला स्राव वाढतो. तिला हवंय ते रक्त आणि ऑपरेशन.

तोंडाने काहीही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते विचारून लिहा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच करतील. कॅथेटर घालून तासाची लघवी मोजा, ३० मिलीच्या खाली जाणं वाईट. नाडी, बीपी, श्वास आणि शुद्ध दर पाच मिनिटांनी बघून वेळेसकट लिहा.

सोनोग्राफीसाठी अशा बाईला दुसऱ्या मजल्यावर किंवा बाहेरच्या सेंटरला पाठवायचं नाही. मशीन तिच्याकडे येईल. पोटात पाणी दिसलं आणि टेस्ट पॉझिटिव्ह असली की सर्जनला तेवढं पुरतं. योनीतून वारंवार तपासणी करू नका, करायचीच असेल ती डॉक्टर एकदाच आणि हलक्या हाताने करतील.

आणि पहिल्या हिमोग्लोबिनवर भरवसा ठेवू नका. माझ्या पेशंटचं १०.८ आलं होतं. नुकतंच रक्त गेलेलं असताना उरलेलं रक्त तितकंच घट्ट असतं, आकडा काही तासांनी पडतो.

५. गर्भ गर्भाशयात आहे हे ठरलं, मग प्रकार कोणता?

इथे गर्भपात म्हणजे २० आठवड्यांआधी गर्भ जाणं. प्रकारांची नावं पाठ करण्यापेक्षा तीन गोष्टी बघा: गर्भाशयाचं तोंड उघडलंय का, काही बाहेर पडलंय का, आणि आत काय उरलंय. पहिली आणि तिसरी गोष्ट डॉक्टर तपासून किंवा सोनोग्राफीवर सांगतील. मधली आपण पॅड बघून सांगतो.

तोंड बंद, थोडं रक्त, थोडं दुखणं आणि सोनोग्राफीवर ठोके दिसतायत, तर गर्भ टिकू शकतो. त्याला थ्रेटन्ड म्हणतात. बाईला दिवसरात्र पलंगावर पडून राहायला सांगितलं जातं, पण त्याने गर्भ वाचतो असा पुरावा नाही. जिना चढलीस म्हणून झालं, असं घरचे म्हणत असतील तर तिथेच थांबवा.

तोंड उघडलंय, कळा जोरात, पण अजून काही पडलेलं नाही, तो इनएव्हिटेबल, म्हणजे आता थांबणार नाही. काही पडलंय आणि काही आत आहे, तो इनकम्प्लीट. गर्भाशय नीट आवळू शकत नाही म्हणून रक्त जात राहतं. जोरदार रक्तस्रावाची बाई बहुतेक वेळा याच प्रकारातली असते. सगळं पडून गेलं, दुखणं थांबलं, तोंड मिटलं, तो कम्प्लीट. मात्र गर्भाशयातला गर्भ आधीच्या सोनोग्राफीत दिसलेला नसेल तर रिकामं गर्भाशय बघून 'कम्प्लीट' म्हणायचं नाही. नळीतल्या गर्भातही गर्भाशय रिकामंच दिसतं. अशा वेळी बीटा एचसीजी ४८ तासांनी पुन्हा करतात आणि ते खाली येतंय का बघतात.

गर्भ आत जिवंत नाही पण बाहेरही पडलेला नाही, तो मिस्ड. बाईला फारसा त्रास नसतो, कधी नुसता चॉकलेटी स्राव. ती नेहमीच्या तपासणीला आलेली असते आणि सोनोग्राफीच्या टेबलावर तिला कळतं. तिला लगेच 'ॲडमिट व्हा' म्हणून फॉर्म पुढे करू नका, घाईचं काही नसतं, दहा मिनिटं नवऱ्याजवळ बसू द्या.

सेप्टिक सगळ्यात वेगळा. ताप ३८ अंशांच्या वर, घाण वासाचा स्राव, ओटीपोट दुखरं, नाडी जोरात. बहुतेकदा अर्धवट राहिलेला गर्भपात किंवा कोणा अनधिकृत माणसाकडे केलेला. इथे तास मोजायचे असतात. ब्लड कल्चर घेऊन पहिल्या तासात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, कल्चरच्या बाटलीची वाट बघत औषध थांबवू नका. अंग गार पडलेलं आणि ताप ३६ च्या खाली हेही सेप्सिसचं लक्षण असतं, ते 'ताप उतरला' म्हणून लिहू नका. कुठे करून आलीस म्हणून रागावलात तर ती खरं सांगणार नाही, आणि काय घातलं होतं हे कळणं उपचारासाठी लागतं.

रक्त मोजताना 'भरपूर' आणि 'थोडं' असे शब्द वापरू नका. पॅड वजन करून ठेवा, कोरड्या पॅडचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तो धोक्याचा रक्तस्राव आहे.

६. बाहेर पडलेलं काहीही टाकू नका

बायका घरून पिशवीत गुंडाळून आणतात, किंवा मावशी बेडपॅन रिकामं करून टाकतात. मावशींना आधीच सांगून ठेवा. जे पडलंय ते किडनी ट्रेमध्ये घेऊन सलाइनमध्ये हलवा. गर्भाचा भाग असेल तर पांढरट, शेवाळासारखे धागे तरंगताना दिसतात. नुसती रक्ताची गाठ असेल तर विरघळून जाते.

फसवणारी गोष्ट अशी की नळीत गर्भ असतानाही गर्भाशयाचं अस्तर कधी कधी अख्खं, तिकोनी पिशवीसारखं बाहेर पडतं. ते हातात घेऊन 'गर्भ पडला' असं सगळे म्हणतात. त्यात धागे नसतात. म्हणून डोळ्यांनी ठरवायचं नाही. फॉर्मॅलिनमध्ये घालून, नाव आणि वेळ लिहून पॅथॉलॉजीला पाठवायचं आणि रिपोर्ट आला का हे दुसऱ्या दिवशी स्वतः विचारायचं.

७. कागदपत्रं आणि सही

केसपेपर, नाडी-बीपीचा चार्ट, रक्तगटाचा जुना कागद असेल तर तो, आधीचे सोनोग्राफी रिपोर्ट, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, ऑपरेशन आणि भूल यांचं संमतीपत्र, रक्तासाठी मागणीपत्र, एवढं एका फाइलमध्ये. आधार नाही म्हणून उपचार अडवायचे नाहीत.

नवरा गावाला गेलाय, सहीसाठी थांबूया, यात फार वेळ जातो. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तिची सही पुरते. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही संमतीचा नमुना 'सी' बाईच भरते, नवऱ्याची संमती लागत नाही. अठरा वर्षांखालची असेल तर पालकाची लागते आणि डॉक्टरांना पुढची कायदेशीर नोंद करावी लागते, ते त्यांना लगेच सांगा. कायद्याने तिची ओळख गुप्त ठेवायची असते, म्हणून कॉरिडॉरमध्ये तिच्या केसबद्दल बोलणंही बंद.

आणखी एक. केसपेपरवर 'ॲबॉर्शन' लिहिलेलं सासूने वाचलं की 'मुद्दाम पाडलंस का?' असा प्रश्न सुरू होतो. डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही हाच शब्द आहे. बाईने परवानगी दिली तर नातेवाइकांना आपण सांगावं: "हे आपोआप झालंय, तिच्या काही करण्यामुळे नाही." याला अर्धा मिनिट लागतो.

८. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर

लहान रुग्णालयात ऑपरेशन थिएटर किंवा भूलतज्ज्ञ नसेल तर सोनोग्राफीची वाट न बघता १०८ ला फोन करा. भोर, मुळशी, जुन्नरकडून पुण्यात यायला, किंवा संध्याकाळी हडपसरहून ससूनला पोचायलाही किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहेच. निघण्याआधी समोरच्या रुग्णालयाला फोन करून नाव, वय, रक्तगट, आकडे सांगा आणि 'घेतो' असं म्हणणाऱ्याचं नाव कागदावर लिहा. दोन्ही सुया चालू, कॅथेटर लावलेलं, क्रॉसमॅचची लेबल लावलेली बाटली सोबत, आणि एक नर्स गाडीत. नातेवाइकाच्या स्कूटरवर किंवा रिक्षातून पाठवू नका, बाई 'आता बरं वाटतंय' म्हणाली तरी.

९. ऑपरेशन न करता इंजेक्शन दिलं असेल तर

नळी फुटलेली नाही, बाई स्थिर आहे, गाठ लहान आहे आणि गर्भाचे ठोके नाहीत, अशा वेळी डॉक्टर मेथोट्रेक्सेट देतात, शरीराच्या क्षेत्रफळावर मोजून, सहसा प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅम. ग्लोव्हज घालून हाताळा. गरोदर सिस्टरने ते भरू नये. वॉर्डातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सवयीने दिल्या जातात, त्या बंद करा, नाहीतर औषधाचा परिणाम मारला जातो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत.

बीटा एचसीजी चौथ्या आणि सातव्या दिवशी करतात आणि या दोन तारखांत ते किमान १५ टक्के उतरायला हवं. तिला घरी पाठवताना तारखा कॅलेंडरवर खूण करून द्या, कारण चौथ्या दिवसाचा आकडा चुकला तर तुलनाच करता येत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवशी थोडं पोट दुखू शकतं. पण चक्कर, खांदा किंवा अचानक तीव्र दुखणं आलं तर रात्री-अपरात्री परत यायचं, फोन करून वाट बघायची नाही, हे नवऱ्यालाही ऐकवा. पुढचे तीन महिने तरी दिवस राहू द्यायचे नाहीत.

१०. घरी जायच्या आधी

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत, हे डिस्चार्जच्या गडबडीत हमखास राहून जातं. मी डिस्चार्ज कार्डावर रक्तगट लाल पेनने लिहिते आणि निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन दिल्याची वेळ शेजारीच लिहिते.

नळीतला गर्भ झालेल्या बाईला सांगा की पुढच्या वेळी पाळी चुकताच टेस्ट करायची आणि सहा आठवड्यांच्या सुमाराला सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते बघायचं. एक नळी गेली तरी दुसऱ्या नळीने दिवस राहू शकतात. माझी ती पेशंट दीड वर्षाने त्याच रुग्णालयात आली, पाळी चुकून आठवडा झालेला, हातात पॉझिटिव्ह पट्टी. दारातच म्हणाली, "सिस्टर, खांदा दुखत नाहीये, पण आधी सोनोग्राफी करा." गर्भ गर्भाशयात होता.